खुबा बदलल्यानंतर शरीरसंबंध : सूचनांच्या कागदावर नसलेली गोष्ट

१५ जून २०२४ रोजी, शनिवारी, मला रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा फाइलमध्ये सूचनांचा एक छापील कागद होता. मांडी घालून बसू नये, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरू नये, खाली पडलेली वस्तू वाकून उचलू नये, दुचाकी चालवू नये, झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी, अशा एकूण सतरा सूचना त्यावर होत्या. कुलदैवताच्या डोंगराच्या पायऱ्या केव्हा चढाव्यात हेसुद्धा त्या कागदावर होते. नवरा-बायकोने पुन्हा जवळ केव्हा यावे आणि कसे यावे, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. तो प्रश्न मला कसा विचारावा लागला, कोणाला विचारावा लागला आणि काय उत्तर मिळाले, ते क्रमाने लिहिते आहे. मी तेव्हा ४४ वर्षांची होते. आम्ही नाशिकला राहतो आणि मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करते.

दुखणे सुरू झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, उजव्या जांघेत. चालताना लचक भरल्यासारखे व्हायचे आणि ते गुडघ्यापर्यंत उतरायचे, म्हणून पहिले दोन महिने मी गुडघ्यावरच तेल चोळत राहिले. जानेवारीत एमआरआय झाला, त्याला साडेसहा हजार रुपये लागले, आणि त्यात उजव्या खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून हाड बसत चालल्याचे निदान झाले. त्याला सगळे एव्हीएन म्हणतात. कोविडच्या आजारपणात २०२१ साली मला स्टिरॉइड द्यावे लागले होते आणि त्याचा हा उशिरा दिसलेला परिणाम असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. चेंडूचा आकार बिघडलेला असल्यामुळे सांधा बदलण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता.

या विषयाशी संबंधित असलेली, पण तेव्हा मी कोणाला न सांगितलेली गोष्ट अशी की आमचे शरीरसंबंध शस्त्रक्रियेमुळे थांबलेच नव्हते. ते त्याच्या आधी सात-आठ महिने थांबलेले होते. बिघडलेल्या खुब्याची पहिली तक्रार मांडी बाहेरच्या बाजूला उघडताना आणि पाय वळवताना जाणवते. पाय जरासा फाकला तरी जांघेत कळ यायची, मी अंग चोरायचे, आणि नवऱ्याला वाटायचे की माझी इच्छाच उरलेली नाही. एकदा ओठ घट्ट आवळून मी कळ सोसली, तर त्यांनी ते पाहिले आणि त्यानंतर ते स्वतःहून जवळ आलेच नाहीत. सांधा दुखतो आहे, तुमचा राग आलेला नाही, एवढे एक वाक्य मी बोलायला हवे होते आणि ते मी बोलले नाही.

शस्त्रक्रियेला उशीर झाला तो विम्यामुळे. आमच्या पॉलिसीत सांधेरोपणासाठी दोन वर्षांची प्रतीक्षा होती, ती मे २०२४ मध्ये संपली. पूर्वमंजुरीसाठी कागद गेले, तेव्हा विमा कंपनीच्या मध्यस्थांकडून शंका आली की रुग्ण मद्यपान करते का. खुब्याचे हे दुखणे दारूमुळेही होते, म्हणून ही शंका नेहमी येते असे नंतर कळले, पण तेव्हा मला ते अपमानास्पद वाटले. डॉक्टरांनी २०२१ च्या स्टिरॉइडचा उल्लेख करून पत्र दिले आणि चार दिवसांनी मंजुरी आली. तुमचे दुखणे याच प्रकारचे असेल, तर जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आधीच शोधून ठेवाव्यात. एकूण बिल ३ लाख ४२ हजारांचे झाले, त्यातले ३७ हजार आम्ही भरले. हातमोजे, पट्ट्या, नोंदणी शुल्क असल्या गोष्टी विम्यात बसत नाहीत.

११ जूनला, मंगळवारी, शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मी दाराशी जाऊन आले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी पस्तीस दिवस घ्यायची होती. घरी आल्यावर हॉलमध्ये भाड्याचा पलंग टाकला, शेजारी कमोडची खुर्ची ठेवली आणि रात्री मदतीला सासूबाई माझ्या पायथ्याशी गादी टाकून झोपू लागल्या. त्या सहा आठवड्यांत नवरा आतल्या खोलीत आणि मी हॉलमध्ये, अशी आमची व्यवस्था होती. सासूबाईंनी मनापासून केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री दोन वाक्ये एकांतात बोलायचीही सोय नव्हती, हे खरे आहे. २५ जूनला जखमेच्या पिना काढल्या. जखम कोरडी होती.

पहिल्या महिन्यात इच्छा हा विषयच नव्हता. हिमोग्लोबिन नऊपर्यंत उतरले होते, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पाळी आली आणि ती नेहमीच्या दुप्पट गेली. ते मी लाजेने दोन दिवस अंगावर काढले. तसे करू नये, लगेच फोन करावा, कारण लोहाच्या गोळ्या त्यानंतरच सुरू झाल्या. झोप सलग लागत नव्हती आणि वेदनाशामक गोळ्यांनी डोके जड राहायचे. या दिवसांत मन कोरडे वाटले तर ते नात्याचे लक्षण समजण्याचे कारण नाही.

याच सुमारास माझ्या धाकट्या दिराने नवऱ्याला सल्ला दिला. त्याचे हर्नियाचे ऑपरेशन आदल्या वर्षी दुर्बिणीतून झाले होते, जाळी बसवली होती, आणि दुखणे थांबले की दोन आठवड्यांनी हरकत नाही असे त्याला सांगितले गेले होते. त्यामुळे वहिनींचे तर महिन्याने सहज होईल, असे त्याचे गणित होते. ते चुकीचे होते, आणि कुठे चुकले ते कळणे महत्त्वाचे आहे. हर्नियात प्रश्न पोटावर येणाऱ्या ताणाचा आणि जखमेच्या दुखण्याचा असतो. जोर लावताना दुखेनासे झाले की बहुतेकांचा मार्ग मोकळा होतो. खुब्यात न दुखताही धोका असू शकतो. तेथे प्रश्न जोराचा कमी आणि मांडी किती अंशांत वाकते याचा जास्त असतो.

२३ जुलैला, सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, पहिली मोठी तपासणी होती. एक्स-रे काढला, वाटी आणि चेंडू जागच्या जागी होते, आणि डॉक्टरांनी वॉकर सोडून डाव्या हातात काठी घ्यायला सांगितले. नवरा सोबत होता. मी आदल्या रात्री प्रश्न मनात तीनदा घोकला होता. प्रत्यक्षात विचारले ते इतकेच, की "डॉक्टर, आता घरातले सगळे व्यवहार करायला हरकत नाही ना?" ते एक्स-रे पाकिटात घालत म्हणाले, "हो, हो, आता सगळं हळूहळू सुरू करा." बाहेर येऊन मी काठी टेकत बाकावर बसले आणि लक्षात आले की हे उत्तर काहीच कामाचे नाही. "सगळं" यात काय येते? त्याच कागदावर मांडी घालायला तीन महिने बंदी होती, मग जे करताना मांडी त्याहून जास्त वाकते ते सहा आठवड्यांनी कसे चालेल? डॉक्टरांचा दोष फारसा नव्हता. गुळमुळीत विचारले तर उत्तरही तसेच मिळते, आणि रांगेत मागे तीस माणसे होती. पुढे मला समजले की हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांचे एक सर्वेक्षण २००४ साली प्रसिद्ध झाले होते, त्यात दर पाच सर्जनांपैकी चौघांनी सांगितले की हा विषय ते रुग्णांशी क्वचित काढतात किंवा काढतच नाहीत. किती दिवसांनी चालेल यावर त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश सर्जनांचे उत्तर एक ते तीन महिने असे होते. म्हणजे तज्ज्ञांच्या उत्तरातही दोन महिन्यांचे अंतर आहे, आणि ते अंतर कशामुळे पडते हेच रुग्णाला कोणी सांगत नाही.

मला ते सांगितले फिजिओथेरपिस्ट ताईंनी. आठवड्यातून तीनदा त्या घरी यायच्या, एका वेळेचे पाचशे रुपये घ्यायच्या. २५ जुलैला मी एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून ठेवला होता आणि सासूबाई स्वयंपाकघरात असताना ती चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिले होते, "शरीरसंबंध केव्हापासून आणि कोणत्या स्थितीत चालतील? माझा उजवा खुबा, चीर मागच्या बाजूने आहे." शेवटचे वाक्य मी कशासाठी लिहिले ते मला माहीत नव्हते, पण त्यांनी तेच पहिल्यांदा वाचले आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही नेमकं हवं ते लिहिलंत." मग त्यांनी आतल्या खोलीचे दार लावून घेतले.

त्यांनी समजावले ते असे. खुबा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवणारी जाड पिशवी आणि तिच्यामागचे लहान स्नायू मागच्या बाजूच्या शस्त्रक्रियेत कापून, काम झाल्यावर पुन्हा शिवतात. सिमेंट किंवा धातू पहिल्या दिवसापासून मजबूत असतो. कच्ची असते ती ही शिवण. ती जुळायला साधारण सहा आठवडे लागतात आणि पक्की व्हायला तीन महिने. तोवर तीन हालचाली टाळायच्या : मांडी पोटाकडे नव्वद अंशांपेक्षा जास्त आणायची नाही, ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे न्यायचा नाही, आणि गुडघा व पाऊल आतल्या बाजूला वळवायचे नाही. एकेक हालचाल थोडी झाली तर सांधा सहसा सावरून घेतो. तिन्ही एकत्र आल्या की चेंडू वाटीच्या मागच्या काठावरून बाहेर सरकतो. सांधा निखळण्याची बहुतेक प्रकरणे पहिल्या तीन महिन्यांतच होतात, म्हणून सर्जन एक ते तीन महिने असे वेगवेगळे आकडे सांगतात : सावध स्थितीत लवकर चालते, मोकळेपणी करायचे असेल तर थांबावे लागते.

चीर पुढच्या बाजूने असेल तर हे नियम जवळजवळ उलटे होतात. तेव्हा पाय मागे ताणणे आणि बाहेरच्या बाजूला वळवणे धोक्याचे असते. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली हे डिस्चार्जच्या कागदावर वाचून ठेवावे आणि माझा अनुभव दुसऱ्या चिरेला लावू नये.

त्यानंतर जे झाले त्याला कपड्यांसकट रंगीत तालीम म्हणता येईल. ताईंच्या पिशवीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांचा एक कोनमापक असतो, ज्याने त्या दर आठवड्याला माझी मांडी किती वाकते ते मोजायच्या. त्यांनी मला पलंगावर उताणे झोपवले, दोन्ही मांड्या खांद्यांइतक्या रुंद ठेवल्या, गुडघ्यांखाली एकेक उशी सरकवली, उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला तिसरी उशी टेकवली म्हणजे पाय लुळा पडून कोणत्याही बाजूला कलंडणार नाही, आणि पट्टी लावून मोजले. कोन पंचेचाळीस अंशांच्या आसपास होता. मग त्यांनी मला गुडघे छातीकडे घ्यायला सुरुवात करायला सांगितले आणि नव्वदला हात आडवा धरून थांबवले. "इथे रेषा," त्या म्हणाल्या. "वर असलेल्या माणसाच्या ओघात तुमचे गुडघे आपोआप याच्या पुढे जातात. म्हणून पावलं गादीवरून उचलायची नाहीत, एवढंच लक्षात ठेवा. पाऊल गादीवर असेल तर तुम्ही नव्वद ओलांडूच शकत नाही." तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंतचे दिवस मी याच एका वाक्यावर काढले.

दुसरी स्थिती त्यांनी कुशीवरची दाखवली. ऑपरेशन न झालेल्या, म्हणजे माझ्या डाव्या कुशीवर झोपायचे, नवरा पाठीमागे. ही सर्वांत सोपी मानली जाते, आणि आहेही, पण तिच्यात एक सापळा आहे. वरचा पाय सैल सोडला की तो स्वतःच्या वजनाने पुढे, खाली आणि आत घसरतो, म्हणजे नेमक्या त्या तिन्ही हालचाली एका वेळी होतात आणि त्याही न दुखता. त्यासाठी दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी हवी, आणि ती फक्त गुडघ्यापाशी नव्हे तर घोट्यापर्यंत पुरली पाहिजे. आमच्या घरातल्या कापसाच्या उशा दबल्या की पातळ व्हायच्या, म्हणून मी एक लांब लोड वापरला, जो दिवाणावर पडून होता.

तीन महिने ज्यांचे नाव काढू नये अशा स्थितीही त्यांनी संकोच न करता सांगितल्या. स्त्रीने वर बसणे, कारण त्यात मांडी आधीच नव्वदच्या जवळ असते आणि पुढे झुकले की रेषा ओलांडली जाते. हातापायांवर ओणवे होणे. आणि कोठेतरी टेकून उभ्याने पुढे वाकणे. ऑपरेशन पुरुषाचे झाले असेल तर त्याने उताणे झोपणे सर्वांत सुरक्षित, आणि वर यायचे तर सहा आठवड्यांनंतर, पाय सरळ मागे ठेवून, पावलांचे अंगठे आत वळू न देता. एकंदर पुरुषांच्या खुब्याला या कामात कमी वाकावे लागते, त्यामुळे काळजी स्त्री रुग्णाला अधिक घ्यावी लागते. मला हे अन्यायाचे वाटले, पण शरीररचनेपुढे इलाज नाही.

नंतर एकांत मिळाला तेव्हा मी नवऱ्याला सगळे सांगितले. सांगणे तालमीपेक्षा अवघड गेले. मी म्हणाले, "अहो, ताईंना विचारलं मी." त्यांनी विचारले, "काय?" आणि मग बराच वेळ आम्ही दोघेही पंख्याकडे पाहत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "तुला काही झालं तर मी काय तोंड दाखवू सगळ्यांना? मला घाईच नाहीये." इतके महिने मला वाटत होते की ते रुसले आहेत. ते घाबरलेले होते. सांधा निखळला तर रुग्णालयात काय सांगायचे, इथपर्यंत त्यांनी विचार करून ठेवला होता.

पलंगाची उंची हा वेगळा विषय आहे. आमच्या आतल्या खोलीतला पलंग बसका आहे, त्यावर बसताना गुडघे खुब्यापेक्षा वर जायचे. सुताराकडून पाच इंचांचे चार लाकडी ठोकळे सहाशे रुपयांत करून घेतले आणि पायांखाली ठेवले. कापसाची जुनी गादी मधोमध खोलगट झाली होती; तिच्यात कंबर रुतली की मांडीचा कोन न कळत वाढतो, म्हणून खाली प्लायवूडची फळी टाकली. ३० जुलैला मी हॉलमधून आत झोपायला आले. पहिले दहा दिवस आम्ही फक्त शेजारी झोपलो, मध्ये लोड.

१० ऑगस्टला, शनिवारी, सासूबाई नणंदेकडे सत्यनारायणाला गेल्या होत्या आणि मुलगा क्लासला. जवळपास साडेआठ आठवडे झाले होते. पहिला प्रयत्न फसला. मी उताणी, उशा जागेवर, सगळे नियमाप्रमाणे. पण मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दोरीसारखा ताठ झाला आणि त्यात पेटका आला. वर्षभर आखडून राहिलेले ते स्नायू होते, त्यांना नव्या सांध्याची खबरच नव्हती. शिवाय मला पूर्ण कोरडेपणा होता, जो अर्धा भीतीचा आणि अर्धा वयाचा असावा. मी "थांबा" म्हणाले आणि ते त्या क्षणी थांबले. हा शब्द आम्ही आधी ठरवला होता, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही असेही ठरवले होते. नंतर मी रडले. कळ फार नव्हती, पण रडले.

पुढच्या सोमवारी ताईंना सांगितल्यावर त्यांनी तीन साध्या गोष्टी बदलायला सांगितल्या. मांडीच्या आतल्या स्नायूंचा ताण रोज दोनदा, उताणे झोपून, पाऊल गादीवर ठेवून, गुडघा हळूच बाहेर सोडायचा, तीस सेकंद, पाच वेळा. वेळ दुपारची निवडायची, कारण दिवसभर चालल्यावर संध्याकाळी मांडी सुजते आणि रात्री ती सर्वांत जास्त आखडलेली असते. आमच्यासारख्यांना ही सवय मोडायला जड जाते, पण फरक पडतो. अर्धा तास आधी पॅरासिटामॉलची एक गोळी घ्यायला हरकत नाही, मात्र तीव्र वेदनाशामक घेऊन नाही, कारण दुखणे ही आपली धोक्याची घंटा असते आणि ती बंद करून चालत नाही. कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानातून पाण्यात विरघळणारी जेली आणायची. ती नवऱ्याने आणली, दीडशेच्या आसपास रुपये लागले, आणि दुकानदाराने ती कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिली.

गर्भनिरोधाचेही तेव्हाच विचारून घेतले. रक्ताची गुठळी होण्याची शक्यता शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वाढलेली असते आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी ती आणखी वाढते, त्यामुळे त्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले. आम्ही निरोध वापरला.

२५ ऑगस्टला, रविवारी दुपारी, दुसरा प्रयत्न झाला. या वेळी डाव्या कुशीवर, लोड घोट्यापर्यंत, आणि नवऱ्याचा हात माझ्या उजव्या गुडघ्यावर, पाय पुढे घसरू नये म्हणून. वर्णनात हे किती यांत्रिक वाटते ते मला कळते. प्रत्यक्षात पहिली पाच मिनिटे यांत्रिकच होती. पण जांघेत कळ नव्हती. वर्षभराच्या सवयीने मी ती येण्याची वाट पाहत होते आणि ती आली नाही. खुब्यात एकदा टक असा आवाज झाला, आम्ही दोघे गोठलो, मी पाऊल हलवून पाहिले, दुखले नाही, आणि मग आम्हाला हसू आले. न दुखणारे असे आवाज पहिल्या काही महिन्यांत अनेकांना येतात.

उठताना मात्र मी चूक करणार होते. उत्साहात कंबरेतून वळून डाव्या बाजूने पाय खाली सोडायला निघाले, तेव्हा त्यांनीच आठवण केली. लोड गुडघ्यांमध्ये तसाच धरून, ओंडका लोळवावा तसे पूर्ण अंग एकत्र वळवायचे, आणि ऑपरेशनचा पाय आधी बाहेर काढायचा. मधला काळ सांभाळून माणसे उठताना किंवा खाली पडलेला गाऊन वाकून घेताना सांधा निखळवून घेतात, असे ताई म्हणाल्या होत्या.

निखळला तर कसे ओळखावे, हेही लिहायला हवे. मागच्या चिरेत तो निखळला की एकदम असह्य कळ येते, पाय आखूड दिसू लागतो, गुडघा आत वळलेला राहतो आणि पायावर भार देता येत नाही. अशा वेळी ओढून किंवा चोळून बसवायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, आहे त्या स्थितीत उशांचा आधार द्यायचा, रुग्णवाहिका बोलवायची आणि रुग्णाला चहा-पाणी द्यायचे नाही, कारण भूल देऊन सांधा बसवावा लागतो. काय करताना झाले ते डॉक्टरांना खरे सांगावे. त्यांना कोन समजणे आवश्यक असते. पोटरी एका बाजूची सुजून दुखू लागली, दम लागला, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर तेही थांबण्याचे आणि फोन करण्याचे कारण आहे. संबंधानंतर लघवीला जळजळ झाली तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत, कारण लघवीतला जंतुसंसर्ग वाढून रक्तात गेला तर तो कृत्रिम सांध्यात जाऊन बसू शकतो. मला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तशी जळजळ झाली, त्याच दिवशी तपासणी केली आणि पाच दिवसांच्या औषधाने ती थांबली.

१० सप्टेंबरला तीन महिन्यांची तपासणी होती. गणपती बसलेले होते, रुग्णालयात गर्दी कमी होती, आणि या वेळी मी प्रश्न नीट विचारला. "डॉक्टर, शरीरसंबंध आम्ही अडीच महिन्यांनी सुरू केलेत, उताण्या आणि कुशीवरच्या स्थितीत. आता नव्वद अंशांची मर्यादा उठली का?" ते क्षणभर थांबले, खुर्ची पुढे ओढून बसले आणि तीन मिनिटे व्यवस्थित बोलले. शिवण पक्की झाली आहे, स्नायूंची ताकद चांगली आहे, त्यामुळे बहुतेक निर्बंध सैल करता येतील. पण गुडघे छातीला टेकवून पाय आत वळवणे ही जोडगोळी कायमचीच टाळावी, आणि वर बसायचे झाले तर पाठ ताठ ठेवून, पुढे न झुकता. मग त्यांनी फाइलमधला तो सतरा सूचनांचा कागद काढला, वरून खाली वाचला आणि परिचारिकेला म्हणाले, "यात अठरावी टाकायला हवी."

ती अठरावी सूचना पुढे छापली गेली की नाही, हे डिसेंबरच्या तपासणीला गेले तेव्हा पाहायचे राहून गेले. त्या दिवशी काठी सुटली. पलंगाखालचे ठोकळे आम्ही काढलेले नाहीत; सासूबाईंनाही ती उंची गुडघ्यांसाठी सोयीची वाटते आणि त्यांनी आपल्या पलंगाला तसेच चार ठोकळे करून मागितले आहेत.